विमा कंपनीला दुसरे पत्र : विनवणी नको, तारखा लिहा

विम्याचा दावा दाखल करून महिना-दीड महिना झाला की दुकानदार शाखेत चकरा मारू लागतो. तिथे त्याला एकच वाक्य ऐकायला मिळते, "फाईल वर गेली आहे, काम चालू आहे." मग कोणी तरी सुचवतो की लेखी द्या. तो लेखी देतो आणि त्या पत्राचेही काहीच होत नाही. याला बऱ्याच वेळा कंपनीइतकेच ते पत्रही कारणीभूत असते. मुदत उलटून गेलेल्या दाव्यासाठी कंपनीला पुन्हा पत्र कसे लिहावे, हे एका खऱ्या व्यवहारावरून पाहू. दुकानदाराचे, कंपनीचे आणि गावाचे नाव येथे देत नाही.

हा गृहस्थ एका तालुक्याच्या गावी तयार कपड्यांचे दुकान चालवतो. दुकान त्याच्या एकट्याच्या मालकीचे आहे. ८ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री शॉर्ट सर्किटने आग लागली. त्या वर्षी रमजान मार्चच्या सुरुवातीलाच येत होता, त्यामुळे ईदसाठीचा माल नुकताच भरलेला. मागच्या बाजूचे कपाट आणि माळा जळाला, पुढचा थोडा माल वाचला. उल्हासनगर आणि सुरतच्या घाऊक व्यापाऱ्यांचे देणे डोक्यावर होते. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यामुळे मालाचा १२ लाखांचा विमा उतरवलेला होता. लहान धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांकडे एकाच नमुन्याची जी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी मिळते, तीच ही.

सुरुवातीची कामे त्याने चोख केली. ९ तारखेला सकाळीच कंपनीच्या फोनवर खबर देऊन दावा क्रमांक घेतला. अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलीस पंचनामा मिळवला. १० तारखेला कंपनीचे पोचपत्र आले. त्यात सर्व्हेअरचे नाव होते आणि असेही लिहिले होते की सर्व्हेअरचा अहवाल नेमणुकीपासून १५ दिवसांत येईल व अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनी निर्णय कळवील. ११ तारखेला सर्व्हेअर साहेब येऊन फोटो व मोजदाद करून गेले. १३ तारखेला त्यांनी खरेदीची बिले, जीएसटी विवरणपत्रे, मागील वर्षाचा ताळेबंद आणि बँकेला दिलेले मालाचे मासिक पत्रक मागितले. २० तारखेला हे सर्व कागद देऊन त्याने यादीवर सही-शिक्का घेतला.

त्यानंतर सगळे गप्प. ६ मार्चला त्याने पहिले पत्र दिले.

पहिले पत्र का वाया गेले

त्या पत्राची प्रत मी पाहिली. सव्वा पान भरून मजकूर होता. आगीत आपले सर्वस्व गेले, घरात लग्नाची मुलगी आहे, रमजानचा हंगाम हातचा चालला आहे, तरी मेहेरबानी करून लवकरात लवकर दावा मंजूर करावा, असा त्याचा आशय. यातला शब्द न् शब्द खरा होता. पण दाव्यांच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या नजरेने ते पत्र वाचून पाहा. उत्तर द्यावे असा एकही प्रश्न त्यात नाही. कोणती मुदत कधी संपली हे नाही. कोणते कागद कोणाला कधी दिले हेही नाही. असे पत्र फाईलला लावून ठेवले तर कोणीही जाब विचारू शकत नाही, आणि ते तसेच लावले गेले.

दुसरी चूक त्याहून साधी होती. पत्र त्याने एजंटच्या हाती दिले. एजंट आपल्या ओळखीचा असतो, विमा त्यानेच उतरवलेला असतो, म्हणून त्याला सांगितले की कंपनीला सांगितले असे आपण धरून चालतो. दाव्याच्या बाबतीत ते धरू नये. पत्र शाखेत स्वतः देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा, नाही तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे. शिवाय कंपनीच्या दावे विभागाच्या व तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर त्याच दिवशी तेच पत्र टाकावे. या अधिकाऱ्याचे नाव व पत्ता पॉलिसीच्या कागदपत्रांत छापलेला असतो, पण तिथपर्यंत सहसा कोणी वाचत नाही.

घड्याळ कोणत्या तारखेपासून चालते

विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये पॉलिसीधारकांच्या हिताचे नियम नव्याने काढले. सर्वसाधारण विम्याच्या दाव्यासाठी खबर मिळाल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमणे, १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय, असा मुदतींचा क्रम त्यानंतर रूढ झाला. त्याआधीच्या २०१७ च्या नियमांत या मुदती बऱ्याच लांब होत्या, आणि जुने एजंट अजून त्याच सांगतात. व्यापारी दाव्याला ही मुदत लागू होते की नाही, असा वाद कंपनीच्या एखाद्या माणसाने काढला तर त्यात पडू नये. कंपनीने तुमच्या पोचपत्रात किंवा पॉलिसीच्या माहितीपत्रकात जी मुदत लिहून दिली आहे, तिच्यावरच बोट ठेवावे. स्वतःच्या शब्दाला कंपनी नाही म्हणू शकत नाही.

आता आपल्या दुकानदाराचा हिशेब. सर्व्हेअर १० फेब्रुवारीला नेमला, म्हणजे अहवाल २५ फेब्रुवारीपर्यंत आणि निर्णय ४ मार्चपर्यंत यायला हवा होता. यावर कंपनीचे ठरलेले उत्तर असे की कागदच २० फेब्रुवारीला मिळाले, मग मुदत आधीपासून कशी मोजता? हे उत्तर येणारच असे धरून पत्रात दुसरा हिशेबही आधीच देऊन टाकावा. २० फेब्रुवारीपासून १५ आणि ७ असे २२ दिवस मोजले तरी १४ मार्च येतो. २४ मार्चला पत्र लिहिताना पहिल्या हिशेबाने २० दिवस आणि दुसऱ्या हिशेबाने १० दिवस उलटले होते. दोन्ही आकडे कागदावर आले की वाद घालायला जागा राहत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे तपासावी. सर्व्हेअरने मागितलेला एखादा कागद आपणच दिलेला नसेल तर ही मोजणी आपल्या कामाची नाही. कागद अपुरे म्हणून फाईल बंद केल्याची पत्रे दुकानदारांना येतात, आणि त्यांतली काही बरोबरही असतात. तेव्हा दुसरे पत्र लिहिण्याआधी मागणीपत्र आणि आपली पोच शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी.

दुसरे पत्र

२४ मार्चला जे पत्र गेले ते असे होते. क्रमांक व नावे गाळली आहेत.

"प्रति,
मा. व्यवस्थापक, दावे विभाग
प्रत : मा. तक्रार निवारण अधिकारी, मा. शाखा व्यवस्थापक, (आमची बँक)

विषय : अग्निविमा दावा क्र. ---, पॉलिसी क्र. ---, आगीची तारीख ८ फेब्रुवारी २०२५. मुदतीत निर्णय न मिळाल्याबाबत दुसरे पत्र व तक्रार.

महोदय,

१. वरील आगीची खबर मी ९ फेब्रुवारी रोजी दिली. आपल्या १० फेब्रुवारीच्या पत्रानुसार सर्व्हेअरचा अहवाल नेमणुकीपासून १५ दिवसांत व आपला निर्णय त्यानंतर ७ दिवसांत मिळावयाचा होता. ही मुदत ४ मार्च रोजी संपली.

२. सर्व्हेअर यांनी १३ फेब्रुवारीच्या पत्राने मागितलेले सर्व कागद मी २० फेब्रुवारी रोजी दिले. पोच सोबत जोडली आहे. मुदत या तारखेपासून मोजली तरी ती १४ मार्च रोजी संपली. त्यानंतर माझ्याकडे कोणताही कागद वा खुलासा मागितलेला नाही.

३. माझी मागणी ९,४०,००० रुपयांच्या जळालेल्या मालाची असून त्यातून अर्धवट जळालेल्या मालाची किंमत ४०,००० रुपये व पॉलिसीप्रमाणे वजावट कमी करावयाची आहे.

४. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात : (अ) सर्व्हेअरचा अहवाल आपणास कोणत्या तारखेस मिळाला, मिळाला असल्यास त्याची प्रत द्यावी. (ब) माझ्याकडून काही कागद वा खुलासा हवा असल्यास त्याची एकच पूर्ण यादी द्यावी. (क) निर्णय झाला असल्यास रक्कम, व कपात असल्यास पॉलिसीच्या कोणत्या कलमाने, हे कळवावे.

५. माझे ६ मार्चचे पत्र अनुत्तरित आहे. हे पत्र तक्रार म्हणून नोंदवून तक्रार क्रमांक द्यावा. १४ दिवसांत, म्हणजे ७ एप्रिलपर्यंत, समाधान न झाल्यास मी नियामक प्राधिकरणाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवीन व नियमातील मुदतीनंतर विमा लोकपालांकडे जाईन.

आपला,
(सही)
सोबत : पोचपत्र, कागदांची यादी व पोच, ६ मार्चचे पत्र."

सगळे पत्र एका पानात बसले. घरची अडचण त्यात कुठेच नाही. ती सांगू नये असे नाही, पण तिच्यामुळे मुदत कमी-जास्त होत नाही. चौथ्या मुद्द्यातील तिन्ही प्रश्नांचे उत्तर तारीख, यादी किंवा रक्कम असेच द्यावे लागते. "काम चालू आहे" हे यांपैकी एकाचेही उत्तर होत नाही.

'एकच पूर्ण यादी' हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. आज एक कागद, पंधरा दिवसांनी दुसरा, असे मागत राहिले की प्रत्येक वेळी मुदत नव्याने सुरू झाल्याचे सांगता येते. यादी एकदाच मागून घेतली की तो रस्ता बंद होतो.

बँकेला प्रत पाठवण्याचे कारणही आहे. मालावर कर्ज असले की पॉलिसीवर बँकेचे नाव चढवलेले असते आणि दाव्याची रक्कम आधी बँकेकडेच जाते. त्यामुळे दावा सुटण्यात बँकेचाही फायदा असतो. बँकेच्या व्यवस्थापकाने केलेला एक फोन कधी कधी आपल्या चार पत्रांचे काम करतो.

विलंबाच्या व्याजाबद्दल

या पत्रात एक गोष्ट नाही, हे जाणकारांच्या लक्षात आले असेल. कंपनीने मुदत ओलांडली तर बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त दराने विलंबाचे व्याज देण्याची तरतूद नियमांत आहे. ९ लाखांवर वर्षाला साडेआठ टक्के धरले तर रोजचे सुमारे २१० रुपये होतात. मागितल्याशिवाय ते सहसा मिळत नाही. मी हे दुकानदाराला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "भाई, व्याज मला नको. मला फक्त तारीख पाहिजे." आपल्या वाचकांत असे अनेक असतील. मुळात विम्याविषयीच उलमांची भिन्न मते आहेत. ज्याला जे योग्य वाटेल ते त्याने आपल्या आलिमांना विचारून करावे. पत्राच्या दृष्टीने एवढेच लक्षात घ्यावे की व्याजाचे कलम गाळले तरी चालेल, पण किती दिवस उशीर झाला हा आकडा गाळू नये. उशिराची जबाबदारी कोणाची हे त्या आकड्यानेच ठरते.

खरे कारण पत्रानंतर कळले

२८ मार्चला, ईदच्या तीन दिवस आधी, कंपनीचे उत्तर ईमेलने आले. सर्व्हेअरचा अहवाल कंपनीला ५ मार्चलाच मिळाला होता. त्यात सर्व्हेअरने शेरा मारला होता की हिशेबाप्रमाणे आगीच्या दिवशी दुकानात १३,५०,००० रुपयांचा माल निघतो, पण बँकेला दिलेल्या ३१ जानेवारीच्या पत्रकात १७,००,००० रुपयांचा माल दाखवला आहे. खरे काय, याचा खुलासा घ्यावा. हा खुलासा मागणारे पत्र कंपनीने काढलेच नव्हते. २३ दिवस प्रश्न फाईलमध्ये पडून होता आणि ज्याने उत्तर द्यायचे त्याला तो माहीतच नव्हता.

ही तफावत किती महाग पडली असती ते पाहा. सर्व्हेअर जळालेल्या दुकानातला माल मोजू शकत नाही, तो वहीवरून काढतो. १ एप्रिल २०२४ चा शिल्लक माल ११,२०,००० रुपये, त्यात आगीपर्यंतची खरेदी २६,३०,००० रुपये, बेरीज ३७,५०,०००. त्या काळातली विक्री ३० लाखांची. विक्रीवर २० टक्के नफा धरला तर विकलेल्या मालाची खरेदी किंमत २४ लाख होते. ती वजा केली की १३,५०,००० उरतात. विमा १२ लाखांचा होता, म्हणजे सुमारे ११ टक्के कमी. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ आहे, म्हणून कपात होत नाही. पण माल खरोखर १७ लाखांचा धरला तर विमा २९ टक्क्यांनी कमी ठरतो, माफी उडते आणि ९ लाखांच्या नुकसानीचे प्रमाणाने सुमारे ६,३५,००० रुपयेच मिळतात. एका पत्रकापायी २,६५,००० रुपये जाण्याची वेळ आली होती.

आणि पत्रकातली चूक अगदी घरगुती होती. दुकानाचा मुनीम बँकेचे पत्रक कपड्यांवरच्या चिठ्ठीप्रमाणे, म्हणजे विक्रीच्या किमतीने भरत असे. २० टक्के नफा वजा केला की १७ लाखांचे १३,६०,००० होतात, आणि ३१ जानेवारीची खरी शिल्लक वहीत तेवढीच होती. बँकेत जास्त उचल मिळावी म्हणून माल फुगवून दाखवण्याची खोड अनेक दुकानांत आहे. इथे तसे नव्हते, पण सर्व्हेअरला ते बाहेरून कसे कळणार? ज्याने मुद्दाम फुगवले असेल त्याला मात्र कोणतेच पत्र वाचवू शकत नाही. बँकेला १७ आणि विमा कंपनीला १३ सांगणाऱ्यावर खोट्या माहितीचा आरोप येतो, आणि मग पूर्ण दावाच जातो.

३ एप्रिलला त्याने खुलासा दिला. सोबत जानेवारीची वही, दहा-बारा मालांची खरेदीची बिले व त्याच मालाच्या विक्रीच्या पावत्या, आणि सनदी लेखापालाचा दाखला जोडला. बिल आणि पावती शेजारी ठेवली की २० टक्क्यांचा नफा कोणालाही दिसत होता. याच पुराव्याने दुसरा धोकाही टळला. सर्व्हेअरने नफा १२ टक्केच धरला असता तर दुकानातला माल ११,१०,००० रुपयांचाच निघाला असता आणि नुकसानीतून २,४०,००० रुपये कमी झाले असते.

२१ एप्रिलला मंजुरीचे पत्र आले. ९,४०,००० मधून अर्धवट जळालेल्या मालाचे ४०,००० गेले, राहिलेल्या ९ लाखांतून त्याच्या पॉलिसीप्रमाणे ५ टक्के वजावट, म्हणजे ४५,००० रुपये गेले आणि ८,५५,००० रुपये मंजूर झाले.

उत्तर आलेच नसते तर

७ एप्रिलपर्यंत काही आले नसते तर बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता आली असती. प्राधिकरण ती कंपनीकडेच पाठवते, स्वतः निवाडा करत नाही. पण तिथे क्रमांक पडला की कंपनीच्या मुख्य कार्यालयात ती दिसू लागते. निवाडा हवा असेल तर विमा लोकपाल. आपल्याकडे मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. एकट्या मालकीची दुकाने व सूक्ष्म उद्योग त्यांच्या कक्षेत येतात, मोठ्या कंपन्या येत नाहीत. अट अशी की आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी आणि तिला नकार आलेला असावा, किंवा एक महिना उत्तर आलेले नसावे. त्यानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते. हा महिना शिक्क्याच्या तारखेपासून मोजला जातो, एजंटला सांगितल्याच्या दिवसापासून नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे आणि त्याची मुदत २ वर्षांची आहे, पण तिथे प्रकरण दाखल केले की त्याच दाव्यासाठी लोकपालांकडे जाता येत नाही.

दाव्याची रक्कम २९ एप्रिलला जमा झाली, ती कॅश क्रेडिट खात्यात. उचल फिटून जे उरले त्यातून सुरतच्या व्यापाऱ्यांचे देणे भागले. उल्हासनगरचे अजून थोडे बाकी होते. ईदचा हंगाम निघून गेला होता आणि दुकान शाळेच्या गणवेशांवर पुन्हा उघडले. बँकेचे मालाचे पत्रक आता दुकानदार स्वतः भरतो, खरेदीच्या किमतीने.